चाळीस पानांचे प्रकरण एका कागदावर: जैवविविधतेचा माइंड मॅप

प्रश्न: पर्यावरणशास्त्राचा पेपर परवा आहे. ‘जैवविविधता आणि तिचे संवर्धन’ हे प्रकरण आमच्या पुस्तकात जवळजवळ चाळीस पानांचे आहे. मागच्या परीक्षेच्या वेळी मैत्रिणीचे ऐकून मी एका प्रकरणाचा एका पानाचा माइंड मॅप काढला. रंगीत पेने वापरली, तीन तास गेले आणि पेपरात त्यातले जेमतेम निम्मे आठवले. आता उद्याचा एकच दिवस हातात आहे. माइंड मॅप काढू की सरळ पुस्तकच पुन्हा वाचू? आणि काढायचाच असेल तर काय घ्यायचे आणि काय सोडायचे?
— द्वितीय वर्ष वाणिज्य, पुणे

उत्तर: माइंड मॅप काढा, पण पुस्तक मिटून काढा. मागच्या वेळी तीन तास कुठे गेले असतील याचा अंदाज करणे अवघड नाही. पुस्तक समोर उघडे ठेवून त्यातले मथळे आणि ठळक शब्द तुम्ही कागदावर उतरवले असणार. असे उतरवताना हात चालतो आणि डोळेही चालतात, परंतु आठवण्याचे काम एकदाही होत नाही आणि परीक्षेत नेमके तेच काम करावे लागते.

याविषयी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या जेफ्री कार्पिके आणि जनेल ब्लंट या दोघांनी २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांच्या एका गटाने विज्ञानविषयक उतारा समोर ठेवून त्याचा संकल्पना-नकाशा काढला. दुसऱ्या गटाने उतारा वाचून बाजूला ठेवला, आठवेल तेवढे लिहून काढले, आणि हेच पुन्हा एकदा केले. आठवड्यानंतरच्या चाचणीत दुसरा गट स्पष्टपणे पुढे राहिला. पुढे २०१४ मध्ये याच दोघांनी विद्यार्थ्यांना उतारा बाजूला ठेवून, आठवणीतून नकाशा काढायला लावला, तेव्हा त्याचाही फायदा आठवून परिच्छेद लिहिण्याइतकाच झाल्याचे दिसले. त्यांची चाचणी आठवड्यानंतरची होती आणि तुमची परवा आहे, त्यामुळे तुमच्या बाबतीत फरक तितका मोठा असेल असे मी म्हणणार नाही. तरीही एका दिवसात चाळीस पाने दुसऱ्यांदा वाचण्यापेक्षा ती एकदा वाचून आठवून पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल, कारण आपल्याला काय येत नाही हे पुन्हा वाचण्यातून कळत नाही.

यासाठी सकाळी तासाभरात प्रकरण एकदा सलग वाचा. हातात पेन घेऊ नका आणि काहीही अधोरेखित करू नका. मग पुस्तक मिटून दुसऱ्या खोलीत ठेवा, ए-फोर आकाराचा कोरा कागद आडवा धरा आणि पेन्सिलीने वीस मिनिटे आठवेल ते मांडा. त्यानंतर पुस्तक आणा आणि राहिलेले किंवा चुकलेले सगळे लाल पेनाने त्याच कागदावर भरा. रंग एवढे दोनच वापरा. पेन्सिलीतले तुम्हाला येते आणि लाल शाईतले येत नाही, ही विभागणी कागदावर एका नजरेत दिसली पाहिजे. सहा रंगांच्या स्केचपेनांनी ती झाकली जाते.

आता फांद्या कोणत्या घ्यायच्या ते पाहू. या प्रकरणाच्या अनुक्रमणिकेत दहा-बारा मथळे असतात: व्याख्या, जनुकीय-प्रजातीय-परिसंस्था विविधता, जैवभौगोलिक विभाग, जैवविविधतेची मूल्ये, महाविविधता देश म्हणून भारत, हॉटस्पॉट, धोके, संकटग्रस्त आणि प्रदेशनिष्ठ प्रजाती, स्वस्थानी आणि परस्थानी संवर्धन, शिवाय अधूनमधून कायदे. हे सगळे मथळे एकाच तोलाच्या फांद्या म्हणून मध्याभोवती लावले की नकाशा भरगच्च होतो आणि कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या पोटात येते हे कळत नाही. प्रत्यक्षात हे प्रकरण पाचच प्रश्नांची उत्तरे देते: जैवविविधता म्हणजे काय, ती कुठे आहे, कशासाठी हवी, कशामुळे जाते आणि ती राखायची कशी. या पाच फांद्या घड्याळाच्या दिशेने, याच क्रमाने काढा. क्रम सांभाळला की चौथ्या आणि पाचव्या फांद्या शेजारी येतात, आणि त्या शेजारी असणे पुढे फार उपयोगी पडते.

पहिल्या फांदीला तीन पोटफांद्या पुरतात: जनुकीय, प्रजातीय आणि परिसंस्था विविधता. व्याख्या पाठ करण्याऐवजी प्रत्येकीपुढे एकेक उदाहरण लिहा आणि ते शक्यतो पुणे जिल्ह्यातलेच घ्या, म्हणजे आठवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. जनुकीय विविधतेपुढे ‘आंबेमोहर / इंद्रायणी’ एवढेच लिहा: भात ही एकच प्रजाती, पण तिचे वाण वेगवेगळे. प्रजातीय विविधतेपुढे भीमाशंकरच्या जंगलातल्या शेकरू, बिबट्या आणि धनेश या प्राण्यापक्ष्यांची नावे, आणि परिसंस्था विविधतेपुढे ‘घाटातले सदाहरित जंगल, सुप्याचा माळ, उजनीचे पाणी’. व्याख्या तुम्हाला उदाहरणावरून लिहिता येईल. व्याख्येवरून मात्र ऐन वेळी उदाहरण सुचत नाही.

दुसरी फांदी सर्वांत जास्त घोटाळ्याची आहे, म्हणून तिच्यावर थोडा वेळ घालवा. तिथे जैवभौगोलिक विभाग, महाविविधता देश आणि हॉटस्पॉट अशा तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि उत्तरपत्रिकांत त्या हमखास एकमेकींत मिसळलेल्या सापडतात. जैवभौगोलिक विभाग म्हणजे भारताची नैसर्गिक वाटणी: ट्रान्स-हिमालय, हिमालय, वाळवंट, निमशुष्क प्रदेश, पश्चिम घाट, दख्खनचे द्वीपकल्प, गंगेचे मैदान, ईशान्य भारत, किनारे आणि बेटे असे दहा विभाग. इथे किती जीव आहेत किंवा ते धोक्यात आहेत का, याचा या वाटणीशी संबंध नाही. महाविविधता देश ही श्रीमंतीची यादी आहे. तिच्यातल्या सतरा देशांत भारत येतो. हॉटस्पॉटला मात्र दोन अटी एकाच वेळी लागू होतात: त्या प्रदेशात किमान १,५०० प्रदेशनिष्ठ संवहनी वनस्पती हव्यात आणि मूळ वनस्पती-आच्छादन किमान ७० टक्के नष्ट झालेले हवे. पहिली अट सगळ्यांना आठवते आणि दुसरी गळते. मग ‘हॉटस्पॉट म्हणजे जैवविविधतेने समृद्ध प्रदेश’ एवढेच उत्तर लिहिले जाते आणि निम्मे गुण जातात. तुमच्या नकाशात हॉटस्पॉट या शब्दाखाली ‘श्रीमंत + लुटलेला’ असे दोनच शब्द लिहा. ही संकल्पना नॉर्मन मायर्स यांनी १९८८ मध्ये मांडली. आजच्या जागतिक यादीत ३६ हॉटस्पॉट आहेत आणि त्यांपैकी चारांचा काही भाग भारतात येतो: हिमालय, इंडो-बर्मा, पश्चिम घाट-श्रीलंका आणि निकोबार बेटांमुळे सुंदालँड. जुन्या गाईडांत आकडे कमी दिसतील, कारण यादी वेळोवेळी वाढत गेली. तुमच्या पाठ्यपुस्तकात जो आकडा असेल तोच पेपरात लिहा.

दहा विभागांची नावे माइंड मॅपच्या फांदीवर बसवण्याचा खटाटोप करू नका. ती निव्वळ यादी आहे, तिच्यात कारण-परिणामाचा धागा नाही, आणि दहा काड्या काढल्या की ती फांदी सगळा कागद खाते. त्याऐवजी कागदाच्या कोपऱ्यात भारताचा अंगठ्याएवढा ओबडधोबड आकार काढून त्यात एक ते दहा आकडे टाका आणि नावे आकड्यांवरून म्हणून पाहा. जागेवरून नाव आठवते: सर्वांत वर ट्रान्स-हिमालय, त्याखाली हिमालय, डावीकडे वाळवंट, डाव्या काठाला घाट, आणि सर्वांत शेवटी समुद्रात बेटे.

तिसरी फांदी, म्हणजे मूल्ये, पटकन उरका. उपभोग्य, उत्पादक, सामाजिक, नैतिक, सौंदर्यविषयक आणि पर्यायी अशा सहा शब्दांवर ती संपते. यात विद्यार्थी अडतात ते उपभोग्य आणि उत्पादक यांतल्या फरकापाशी. जंगलातला सरपणाचा भारा किंवा करवंदे घरी आणून वापरली तर ते उपभोग्य मूल्य. तीच वस्तू बाजारात गेली, किंवा एखाद्या वाणाचा गुण घेऊन नवे वाण तयार झाले, तर ते उत्पादक मूल्य. इथे पहिल्या फांदीवरचा आंबेमोहर पुन्हा कामाला येतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून इंद्रायणी हे वाण काढले; स्थानिक वाणाचा वास आणि दुसऱ्याचे उत्पन्न असा तो मेळ आहे. पहिल्या फांदीपासून तिसरीपर्यंत एक तुटक बाण काढा आणि त्यावर ‘संकर’ एवढा शब्द लिहा. दोन प्रश्नांना एकच उदाहरण मिळाले.

बाणांविषयी एक नियम मी कटाक्षाने पाळायला सांगतो: ज्या रेषेवर शब्द नाही ती रेषा काढायची नाही. ‘रस्ते’ आणि ‘शेकरू’ यांच्यामध्ये नुसती रेघ असेल तर परीक्षेत ती रेघ तुम्हाला काहीच सांगणार नाही. तिच्यावर ‘वृक्षछत तोडतात’ असे लिहिलेले असेल तर वाक्य तयार होते. उत्तरे वाक्यांत लिहायची असतात आणि वाक्याला क्रियापद लागते, पण बहुतेक माइंड मॅपांत सगळी नामेच असतात.

चौथ्या फांदीकडे जाण्यापूर्वी संकटग्रस्त आणि प्रदेशनिष्ठ यांचे काय करायचे ते ठरवू, कारण हा मथळा पुस्तकात एकत्र येतो आणि म्हणूनच दोन्ही शब्द एकच वाटू लागतात. प्रदेशनिष्ठ हा शब्द ती प्रजाती कुठे सापडते हे सांगतो, तर संकटग्रस्त हा शब्द ती किती धोक्यात आहे हे सांगतो. तेव्हा पहिला शब्द दुसऱ्या फांदीवर आणि दुसरा चौथ्या फांदीवर ठेवा आणि प्रत्येकाखाली एक प्राणी लिहा. शेकरू, म्हणजे आपला राज्यप्राणी, फक्त भारतातच आढळतो, म्हणून तो प्रदेशनिष्ठ आहे. परंतु आययूसीएनच्या लाल यादीत तो ‘किमान चिंता’ या वर्गात आहे. माळढोकाचे नेमके उलट आहे. त्याची नोंद पाकिस्तानातही असल्यामुळे तो केवळ भारताचा म्हणता येत नाही, पण लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. ही जोडी एकदा डोक्यात बसली की फरक स्पष्ट करा या प्रश्नाला वेगळ्या तयारीची गरज उरत नाही.

हेच दोन प्राणी पुढे चौथी आणि पाचवी फांदी जोडायला वापरा. पुस्तकात धोक्यांची यादी एका ठिकाणी आणि संवर्धनाची दहा पानांनंतर येते, म्हणून दोन्ही सुट्याच पाठ होतात. नकाशावर मात्र प्रत्येक धोक्यापासून त्याच्या उपायापर्यंत बाण गेला पाहिजे. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेत तो फिरतो, त्यामुळे त्याला फांद्यांना फांद्या भिडलेले सलग जंगल लागते. मधे रुंद रस्ता किंवा तोड झाली की जंगलाचे तुकडे पडतात आणि समोर झाडे दिसत असूनही त्याला तिकडे जाता येत नाही. पुस्तकातला ‘अधिवासाचे विखंडन’ हा शब्द याच गोष्टीचा आहे. त्यावरचा उपाय त्याच जागी, जंगल सलग राखूनच करता येतो, म्हणून बाण ‘स्वस्थानी’कडे जातो आणि तिथे ‘भीमाशंकर अभयारण्य, १९८५’ असे लिहिले जाते. त्याच्याच खाली ‘देवराई’ लिहा, कारण कायद्याआधीपासून गावांनी राखलेली ही जंगले स्वस्थानी संवर्धनाचेच उदाहरण आहेत. माधव गाडगीळ आणि वर्तक यांनी पुण्यातूनच १९७०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. परीक्षकाला राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांबरोबर देवराई वाचायला मिळाली की बरे वाटते, असा माझा तरी अनुभव आहे.

माळढोकाचा बाण वेगळा जातो. हा जड पक्षी माळरानावर राहतो, मादी साधारणपणे एकाच अंड्यावर बसते, आणि उडताना समोरचे त्याला नीट दिसत नसल्याने विजेच्या तारांना धडकून तो मरतो. माळ ‘पडीक’ समजून नांगरले गेले, हा दुसरा धोका. सोलापूरजवळ नान्नज येथे त्याच्यासाठी अभयारण्य केले, तरी केवळ जागा राखून हा पक्षी वाचला नाही. म्हणून राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात त्याची अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे केंद्र सुरू झाले आहे. बाण ‘स्वस्थानी’ला स्पर्श करून ‘परस्थानी’कडे जातो आणि त्यावर ‘संख्या फारच घटली म्हणून’ असे लिहायचे. परस्थानी संवर्धन कधी करावे लागते, या प्रश्नाचे उत्तर या एका बाणात आहे. परस्थानीच्या खाली कात्रजचे प्राणिसंग्रहालय, एम्प्रेस गार्डनसारखे वनस्पती उद्यान आणि बीजांची जनुकपेढी ही तीन नावे पुरेशी आहेत.

उरलेल्या धोक्यांपैकी शिकार आणि व्यापार यांच्यापुढे ‘वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२’, आणि मानव-वन्यजीव संघर्षापुढे ‘जुन्नर: उसातले बिबटे’ असे लिहा. कायद्यांची सहावी फांदी काढू नका. प्रत्येक कायदा त्याच्या धोक्याशेजारी बसवा. पाचव्या फांदीच्या टोकाला ‘रिओ १९९२ → जैविक विविधता अधिनियम २००२’ एवढी एक जोडी ठेवली की सालांचे काम संपले. व्याघ्रप्रकल्पाचे १९७३ लक्षात राहत असेल तर घ्या, नसेल तर सोडा.

एवढे सगळे मिळून कागदावर सत्तर-ऐंशी शब्द होतात. त्याहून जास्त झाले तर तुम्ही पुन्हा पुस्तक उतरवू लागला आहात असे समजा. नकाशा बरोबर झाला की नाही हे त्याच्या दिसण्यावरून ठरवू नका. पाच गुणांचा एक प्रश्न घ्या, उदाहरणार्थ ‘जैवविविधतेला असलेले धोके उदाहरणांसह स्पष्ट करा’, कागद पालथा घाला आणि उत्तर मोठ्याने म्हणा. चौथी फांदी नीट झाली असेल तर ते साधारण असे येईल: “अधिवासाचे विखंडन हा प्रमुख धोका आहे. शेकरूसारख्या वृक्षवासी प्राण्याला सलग वृक्षछत लागते. रस्ते आणि वृक्षतोड यांमुळे ते तुटले की त्याचे खाद्य आणि घरट्यांच्या जागा एकमेकींपासून तुटतात. माळरानांचे शेतीत रूपांतर आणि वीजवाहिन्या यांमुळे माळढोक अतिसंकटग्रस्त झाला आहे.” पुढे शिकार आणि संघर्ष यांची दोन-तीन वाक्ये. म्हणताना जिथे अडखळाल तिथे बहुतेक वेळा बाणावरचा शब्द राहिलेला असतो. तो भरा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा.

अप्पा बळवंत चौकात किंवा कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार माइंड मॅप मिळतात, वर्गाच्या ग्रुपवरही फिरतात. ते वाईट असतात असे नाही, पण दुसऱ्याने आठवून काढलेल्या नकाशात तुमचे लाल शब्द कुठे आहेत ते कळत नाही. तुमचा पेन्सिलीचा कागद झाल्यानंतर तपासणीपुरता तो पाहायला हरकत नाही.

संध्याकाळी चार-पाच तासांनी दुसरा कोरा कागद घ्या आणि दहा मिनिटांत तोच नकाशा पुन्हा आठवून काढा. आता सुबकपणा नको. पाच फांद्या, शब्द लिहिलेले बाण आणि कोपऱ्यातला भारत एवढे आले तर पुरे. सकाळच्या लाल शब्दांपैकी किती आता पेन्सिलीत उतरले ते मोजा. एखादी फांदी दोन्ही वेळा लालच राहिली तर नकाशा तिसऱ्यांदा काढू नका, तेवढ्याच फांदीची पाने उघडून वाचा. ती फांदी मूल्यांची असेल तर अर्ध्या तासात हाती लागते. धोके किंवा संवर्धन यांची असेल तर रात्रीचा सगळा वेळ तिलाच द्या आणि दहा विभागांची यादी परवा सकाळी बसमध्ये म्हणायला ठेवा.